खालच्या लीगमध्ये जाणाऱ्या संघाशी काय बोलायचं?

११ जुलै २०२० रोजी नॉर्विच सिटी घरच्या कॅरो रोडवर वेस्ट हॅमकडून ०-४ असा हरला. चारही गोल मिकेल अँटोनियो या एकाच खेळाडूने केले. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे ना शिट्ट्या, ना हुर्यो. हंगामाचे तीन सामने बाकी होते, पण ते तिन्ही जिंकूनही संघ वाचणार नव्हता. प्रीमियर लीगमधून नॉर्विचचं रेलिगेशन त्या दुपारी नक्की झालं.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा प्रकार थोडा परका आहे. आयपीएलमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच दिमाखात मैदानात उतरतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मात्र प्रीमियर लीगच्या वीसपैकी तळाचे तीन संघ खालच्या लीगमध्ये, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, ढकलले जातात आणि तिथले तीन वर येतात. खाली गेलेल्या क्लबचं टीव्हीच्या पैशांचं उत्पन्न कोसळतं. तो धक्का सोसता यावा म्हणून त्याला काही काळ ‘पॅराशूट’ रक्कम मिळते. वरच्या लीगमध्ये सगळ्या क्लबांना प्रसारणाच्या पैशांचा जो समान वाटा मिळतो, त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी आणि ४५ टक्के दुसऱ्या वर्षी. बऱ्याच खेळाडूंच्या करारात रेलिगेशन झाल्यास पगार कापण्याचं कलम असतं. काहींच्या करारात ठरावीक किमतीला क्लब सोडण्याची मुभाही असते.

म्हणूनच अशा पराभवानंतर ड्रेसिंग रूममध्ये प्रशिक्षक बोलायला उभा राहतो, तेव्हा त्याच्यासमोर एक संघ बसलेला नसतो. एकाचा करार महिन्याभरात संपणार असतो. दुसरा उसना आलेला असतो आणि त्याचं मन आधीच आपल्या मूळ क्लबकडे लागलेलं असतं. तिसऱ्याच्या एजंटाचा फोन वाजू लागलेला असतो. चौथा विशीतला पोरगा असतो, त्याला खालच्या लीगमध्ये उलट जास्त खेळायला मिळणार असतं, पण आनंद चेहऱ्यावर दिसू द्यायची सोय नसते. ‘आपण सगळे मिळून पुढच्या वर्षी परत वर येऊ’ हे वाक्य या चौघांना चार तऱ्हांनी ऐकू येतं, आणि निदान दोघांना ते खोटं वाटतं. खोलीत एकालाही खोटं वाटलेलं वाक्य बाकीच्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

नॉर्विचचे जर्मन प्रशिक्षक डॅनियल फार्के त्या दिवशी बंद दाराआड नेमकं काय बोलले, ते बाहेर आलेलं नाही. पण त्यांच्या जागी कुणीही असता, तरी शहाणपणाचं भाषण साधारण असं झालं असतं:

“आज कुणी कुठला गोल खाल्ला, यावर मी बोलणार नाही, ते सोमवारी व्हिडिओ लावून बघू. आपण खाली गेलो. संघ मी निवडला होता, तेव्हा बाहेर पत्रकारांना उत्तर मी देईन. तुमच्यातले काही जण पुढच्या मोसमात इथे नसतील, हे मलाही माहीत आहे आणि तुम्हालाही. कोण राहणार, कोण जाणार, हे आज या खोलीत ठरणार नाही. प्रत्येकाशी मी एकट्याने बोलेन. पण अजून तीन सामने आहेत, आणि पुढच्या मोसमाचा संघ मी त्या तीन सामन्यांतूनच बघायला सुरुवात करणार आहे. मंगळवारी चेल्सीशी खेळायचंय. उद्या सकाळी सराव आहे.”

यात बढतीचं वचन नाही. राग आहे, पण तो कुणा एकावर काढलेला नाही. पुढच्या मोसमाकडे बोट दाखवलंय, तेही स्वप्न रंगवून नव्हे, तर उद्याच्या सरावाची वेळ सांगून. हरलेल्या माणसाला दहा महिन्यांनंतरचं ध्येय दिसत नाही, उद्या सकाळचं मैदान मात्र दिसतं. भाषण दोन-तीन मिनिटांत आटपावं असं मला वाटतं. त्या खोलीत चौथ्या मिनिटाला कुणी ऐकत नसतं.

एवढं करूनही भाषण लागू पडलं की नाही, हे त्या दिवशी कळत नाही. नॉर्विचचंच बघा. आठवड्याने बर्नलीविरुद्ध एमिलियानो बुएंदिया आणि योसिप द्रमिच या दोघांना पहिल्याच सत्रात लाल कार्ड मिळालं आणि नऊ जणांचा संघ ०-२ असा हरला. शेवटी मँचेस्टर सिटीने पाच गोल चढवले. लागोपाठ दहा पराभवांनी हंगाम संपला, गुण अवघे २१. रेलिगेशननंतर शिस्त अशीच सुटते. कोण चिडून टॅकल करतोय, कोण चेंडू गेल्यावर मागे धावत येत नाही, हे टिपण्यासाठी प्रशिक्षकाला हे निरर्थक सामने फार उपयोगी पडतात.

क्लबने फार्केंना काढलं नाही. भाषण करणारा माणूसच पुढच्या महिन्यात नसेल, तर भाषणाला अर्थ तो काय? नव्या मोसमाला सात आठवडेही नव्हते. जमाल लुईस न्यूकॅसलला गेला, बेन गॉडफ्री एव्हर्टनला. बुएंदिया आणि टॉड कँटवेल यांच्याभोवतीही मोठ्या क्लबांच्या चर्चा होत्या. ही खरी परीक्षा होती. सप्टेंबरअखेर बोर्नमथविरुद्ध फार्केंनी या दोघांनाही संघाबाहेर ठेवलं, कारण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. संघ हरला, त्यापुढचा सामनाही हरला. ‘इथे असाल तर पूर्ण असा’ हे सांगायला जुलैमध्ये काहीच लागत नाही, सप्टेंबरमध्ये त्यासाठी गुण गमवावे लागतात. प्रशिक्षक ते गमवायला तयार आहे, हे बाकीच्या खेळाडूंनी पाहिलं.

पुढे संघ सावरला. जुलैमध्ये लाल कार्ड घेऊन बाहेर गेलेल्या बुएंदियाने त्या मोसमात १५ गोल केले आणि चॅम्पियनशिपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नॉर्विचने ४६ सामन्यांत ९७ गुण मिळवून लीग जिंकली.

अर्थात प्रशिक्षकाच्या हातात सगळं नसतं. आपल्या जवळचं उदाहरण गोव्याच्या डेम्पोचं. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला हा संघ २०१५ मध्ये आय-लीगमधून खाली गेला. खेळाडूंनी पुढच्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून परतीचं तिकीट मिळवलं. पण भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेवरून वाद पेटला होता, आणि क्लबने आय-लीगमधूनच अंग काढून घेतलं. मैदानावर कमावलेलं तिकीट वापरलंच गेलं नाही.

नॉर्विचची कथाही वर येऊन थांबली नाही. बढतीनंतर बुएंदियाला अ‍ॅस्टन व्हिलाला विकलं. नव्या मोसमात पहिल्या विजयासाठी नोव्हेंबर उजाडला आणि ब्रेंटफर्डवर तो विजय मिळाला त्याच दिवशी फार्केंची हकालपट्टी झाली. त्यांच्या जागी डीन स्मिथ आले, ज्यांना व्हिलाने नुकतंच काढलं होतं. ३० एप्रिल २०२२ रोजी नॉर्विच पुन्हा खाली गेला, तोही व्हिलाच्याच मैदानावर ०-२ असा हरून. या वेळी ड्रेसिंग रूममध्ये बोलायची पाळी स्मिथ यांची होती. पुढच्या मोसमात डिसेंबरमध्ये त्यांनाही काढलं आणि नॉर्विच चॅम्पियनशिपमध्ये तेरावा आला.