पडद्यावर रफार का हरवतो?

लॅपटॉपला प्रोजेक्टरची केबल लावली की पडदा क्षणभर काळा होतो. तेवढ्या वेळात दोन्ही यंत्रं एकमेकांची ओळख करून घेत असतात. प्रत्येक प्रोजेक्टरमध्ये आणि टीव्हीमध्ये त्याची स्वतःची माहिती साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. कोणतं रिझोल्यूशन चालेल आणि त्यातलं कोणतं सर्वांत बरं, हे तीत नोंदलेलं असतं. लॅपटॉप ते केबलमधूनच वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. ही ओळख नीट झाली नाही, की माइकवरून ‘एक मिनिट हं’ ऐकू येऊ लागतं.

अशा वेळी केबल काढ-घाल करण्याआधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचावं. `No Signal` असेल तर चित्र तिथवर पोचलेलंच नाही. केबल सैल असेल, किंवा रिमोटवरून भलतंच इनपुट निवडलं गेलं असेल. `Out of Range` दिसलं तर केबल बहुधा ठीक आहे. चित्र पोचलंय, पण ते प्रोजेक्टरला झेपत नाही. मग रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट कमी करायचा.

चित्र दिसतं पण वाचता येत नाही, ही तक्रार मात्र जास्त चिवट. समजा, हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा आहे आणि खजिनदार एक्सेलमधला जमाखर्च दाखवतायत. लॅपटॉप १९२०×१०८० ठिपक्यांचा, भाड्याचा प्रोजेक्टर १०२४×७६८ चा. दोन्हीकडे एकच चित्र, म्हणजे `Duplicate`. लॅपटॉपकडून १९२०×१०८० चं चित्र येतं आणि प्रोजेक्टर ते आपल्या मापात दाबून बसवतो. रुंदी १०२४ मध्ये बसवली की उंचीला ५७६ ओळी पुरतात. उरलेल्या १९२ ओळी वर-खाली काळ्या पट्ट्या होऊन वाया जातात. प्रत्येक अक्षराच्या वाट्याला मुळातल्या ठिपक्यांपैकी एक तृतीयांशही उरत नाहीत. रोमन अक्षरं एवढ्यात कशीबशी तग धरतात. देवनागरीत मात्र अक्षराच्या डोक्यावरची बारीक चिन्हं आधी पुसली जातात. ‘अंदाजे खर्च’चं ‘अदाजे खच’ होतं, आणि मागच्या रांगेतून प्रश्न सुरू होतात.

यावर उपाय असा: विंडोजच्या लॅपटॉपवर `Windows + P` दाबून `Extend` निवडायचं. आता दोन्ही पडदे स्वतंत्र झाले. मग `Settings > System > Display` मध्ये २ आकड्याच्या चौकटीवर क्लिक करून `1024 × 768` ठेवायचं. प्रोजेक्टरला त्याच्या मूळ मापाचंच चित्र मिळतं आणि अक्षरं धारदार होतात. एक्सेलचे रकाने पडद्यावर कमी मावतील, पण जे दिसतील ते वाचता येतील. सभेत दुसरं काय हवं असतं?

`Extend` मध्ये एक गंमत होते. लोकांना नुसता वॉलपेपर दिसतो, कारण फाइल लॅपटॉपच्याच पडद्यावर उघडलेली असते. `Windows + Shift + →` दाबलं की खिडकी पलीकडे जाते. बोलणाऱ्याला समोर तेच चित्र हवं असेल, तर `Duplicate` ठेवून हाताने १०२४×७६८ निवडावं. लॅपटॉपचं चित्र ताणलेलं दिसेल किंवा कडेला पट्ट्या येतील, ते चालवून घ्यायचं.

प्रोजेक्टरचं मूळ माप कुठे बघायचं, तर माहितीपत्रकात `Native` शब्दापुढे. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर १०८० ‘सपोर्टेड’ असं ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की ते चित्र तो स्वीकारतो. दाखवतो आपल्याच, कदाचित ८००×६०० ठिपक्यांत.

कधी हवं ते रिझोल्यूशन यादीतच नसतं. जुन्या हॉलमध्ये भिंतीतून गेलेली लांब व्हीजीए केबल आणि मध्ये स्वस्त स्प्लिटर असेल, तर ईडीआयडी वाटेतच अडकते. लॅपटॉप मग पडद्याचं नाव `Generic Non-PnP Monitor` दाखवतो आणि अंदाजाने चित्र पाठवतो. स्प्लिटर वगळून छोट्या केबलने थेट जोडून पाहावं. नाव आणि यादी सुधारली, तर दोष मधल्या जोडणीत आहे.

टीव्हीचं दुखणं वेगळं. एचडीएमआयने जोडल्यावर खालचा टास्कबार अर्धा गायब आणि स्लाइडच्या कडा कापलेल्या दिसतात. जुन्या काचनळीच्या टीव्हीत कडेचं चित्र चौकटीआड लपवायची पद्धत होती. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात, आणि ती सवय अनेक नव्या टीव्हींनीही सोडलेली नाही. लॅपटॉपवर रिझोल्यूशन बदलत बसण्यापेक्षा टीव्हीचा रिमोट घ्यावा आणि चित्राच्या आकाराच्या मेन्यूत `Just Scan`, `Screen Fit` किंवा `Full Pixel` यांपैकी जे असेल ते निवडावं. काही टीव्हींत इनपुटचं नाव बदलून `PC` ठेवलं तरी कडा परत येतात.