सोडून जाणाऱ्याचं कलम

पुण्यातल्या एखाद्या खासगी, शेअर बाजारात नोंद नसलेल्या सॉफ्टवेअर कंपनीची कल्पना करू. ईसॉपची मूळ योजना इंग्रजीत चाळीस पानांची आहे आणि कर्मचाऱ्यांना समजावी म्हणून कंपनीने तिची मराठी प्रत करून घेतली आहे. तिथल्या एका अभियंता बाईंना 1 एप्रिल 2022 रोजी 2,400 ऑप्शन मिळाले. पत्र घरी दाखवलं, पेढे वाटले गेले. ‘कंपनीचे चोवीसशे शेअर मिळाले’ असं सगळ्या नातेवाइकांत झालं. पहिला गैरसमज नेमका इथे होतो. त्या दिवशी बाईंच्या नावावर एकही शेअर झाला नव्हता. पुढे कधीतरी, ठरलेल्या भावाने, ठरलेल्या अटींवर शेअर विकत घेण्याचा हक्क तेवढा मिळाला होता, आणि तोही टप्प्याटप्प्याने पक्का होणार होता.

हक्क असा पक्का होण्याला व्हेस्टिंग म्हणतात. मराठी प्रतीत बहुधा ‘निहित होणे’ हा कायद्याच्या भाषेतला शब्द असतो. जमिनीच्या किंवा वारसाहक्काच्या कागदात मालमत्ता एखाद्यात निहित झाली की ती त्याची झाली, असा अर्थ घेण्याची आपल्याला सवय आहे. म्हणून ‘600 ऑप्शन निहित झाले’ हे वाक्य वाचणाऱ्याला 600 शेअर हाती आल्यासारखं वाटतं. निहित झालेला असतो तो विकत घेण्याचा हक्क. शेअर अजून घ्यायचे असतात, आणि त्यासाठी पैसे मोजायचे असतात.

बाईंच्या योजनेत चार वर्षांचा काळ आहे. पहिल्या वर्षात काहीच पक्कं होत नाही. याला कंपन्यांमध्ये ‘क्लिफ’ म्हणतात. आपल्याकडे ही अट निव्वळ कंपनीच्या मर्जीची नाही. भारतीय कंपन्यांच्या योजनेत ऑप्शन दिल्यापासून पक्के होईपर्यंत किमान एक वर्ष गेलंच पाहिजे, असा 2014 च्या भागभांडवल नियमांतला बारावा नियम सांगतो. वर्ष पुरं झालं की एकदम 600 आणि त्यानंतर दर महिन्याला 50. बाईंनी राजीनामा दिला आणि शेवटचा कामाचा दिवस ठरला 15 नोव्हेंबर 2024. तोवर पूर्ण महिने झाले 31. म्हणजे 1,550 ऑप्शन पक्के, उरलेले 850 त्याच दिवशी गेले. मधले पंधरा दिवस हिशेबात धरत नाहीत.

आता पक्क्या झालेल्या 1,550 चं काय? हक्क वापरून शेअर घेताना जो भाव द्यायचा तो ‘एक्सरसाइज प्राइस’. भाषांतरात त्याला ‘वापर किंमत’ किंवा ‘बजावणी किंमत’ म्हणतात. हा भाव ऑप्शन देतानाच ठरतो आणि सहसा पुढे बदलत नाही. बाईंच्या पत्रात तो 40 रुपये आहे. 1,550 शेअरचे झाले 62,000 रुपये. एवढी रक्कम बहुतेकांच्या हिशेबात असते. कराची नसते.

शेअर घेतला त्या दिवसाची त्याची रास्त किंमत आणि बाईंनी मोजलेला भाव यांतला फरक आयकर कायदा पगारासारखंच उत्पन्न मानतो. शेअर बाजारात नसेल, तर रास्त किंमत मर्चंट बँकर ठरवतो. ती 300 रुपये निघाली, तर एका शेअरमागे फरक 260 आणि एकूण 4,03,000 रुपये. तीस टक्क्यांच्या टप्प्यात, उपकर धरून, त्यावर 1,25,736 रुपये कर. म्हणजे शेअर घ्यायचे तर बाईंना खिशातून 1,87,736 रुपये काढावे लागतात, आणि हाती जे येतं ते विकायला बाजारच नसतो. पात्र स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत आहे खरी, पण नोकरी सुटली की ती सवलतही संपते. नेमक्या राजीनाम्याच्या वेळी ती उपयोगी पडत नाही.

हे पैसे उभे करायला वेळ किती, ते सोडून जाणाऱ्याचं कलम ठरवतं. भाषांतराची खरी कसोटी याच कलमात लागते. मूळ इंग्रजीत शेवटच्या कामाच्या दिवसापासून नव्वद दिवस असं लिहिलेलं असतं. भाषांतरकार सहज ‘तीन महिने’ लिहून जातो. बाईंच्या बाबतीत तीन महिने म्हणजे 15 फेब्रुवारी 2025, आणि नव्वद दिवस म्हणजे 13 फेब्रुवारी. चौदा तारखेला पैसे भरायला गेलेल्या माणसाचे सगळे ऑप्शन रद्द झालेले असतात.

दुसरी जागा याहून धोक्याची. इंग्रजी योजनेत ‘टर्मिनेशन’ या शब्दाची व्याख्या बहुधा अशी असते, की राजीनामा, निवृत्ती, काढून टाकणं, कोणत्याही कारणाने नोकरी संपणं त्यात येतं. मराठीत तिथे ‘बडतर्फी’ लिहिलं, की राजीनामा देणारी व्यक्ती म्हणते, मला कुठे कोणी बडतर्फ केलं, हे कलम माझ्यासाठी नाही. आणि ते नेमकं तिच्यासाठीच असतं. ‘नोकरी संपुष्टात येणे’ एवढा साधा शब्द तिथे पुरतो.

‘गुड लीव्हर’ आणि ‘बॅड लीव्हर’ यांचंही तसंच. भाषांतरात ‘चांगला कर्मचारी’ आलं, की दहा वर्षं इमानदारीने काम केलेल्याला वाटतं, आपण यातच. पण इथे प्रश्न स्वभावाचा किंवा कामाचा नाही, नोकरी कशामुळे संपली याचा आहे. मृत्यू, कायमचं अपंगत्व, निवृत्ती बहुधा पहिल्या गटात. गैरवर्तनामुळे काढून टाकलेला दुसऱ्या गटात. स्वतःहून राजीनामा देणारा कुठे, हे प्रत्येक योजना आपापलं ठरवते, आणि काही योजना त्याला सरळ दुसऱ्या गटात टाकतात. मृत्यूच्या बाबतीत मात्र वर सांगितलेला नियमच बोलतो: दिलेले सगळे ऑप्शन, पक्के न झालेलेही, त्याच दिवशी वारसांच्या नावे पक्के होतात. ही ओळ मराठी प्रतीत ठळक असायला हवी, कारण ती वाचणारे कंपनीत कधी पाऊलही न टाकलेले लोक असतात.

पक्कं झालेलंही जाऊ शकतं, याचा गाजलेला दाखला 2011 मधला स्काइपचा. मायक्रोसॉफ्ट ही कंपनी साडेआठ अब्ज डॉलरना घेत होती. नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याला तेव्हा कळलं, की त्याच्या पक्क्या झालेल्या ऑप्शनची किंमत शून्य आहे. स्वतःहून जाणाऱ्याचे शेअर त्याने मोजलेल्या भावालाच परत घेण्याचा हक्क कंपनीकडे होता. त्याच्या करारात याचा उल्लेख एका गुंतागुंतीच्या वाक्यात होता, आणि त्या वाक्याचं बोट दुसऱ्याच एका कराराकडे होतं. असा दुसरा करार भाषांतराला दिलेल्या गठ्ठ्यात नसला, तर मराठी प्रत कितीही सुबक असो, ती अर्धीच आहे.

मराठी प्रतीच्या शेवटी बहुधा एक ओळ असते: अर्थात फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. म्हणून राजीनामा लिहिण्याआधी कंपनीच्या एचआरकडे चार गोष्टी लेखी मागाव्यात. शेवटच्या दिवशी पक्के झालेले ऑप्शन किती, हक्क वापरण्याची अखेरची तारीख कोणती, कर धरून भरायची एकूण रक्कम किती, आणि घेतलेले शेअर कंपनी परत मागू शकते का, मागितले तर कोणत्या भावाने. उत्तर आल्यावरच राजीनाम्यावर तारीख घालावी.