दिवाळीची एक इंग्रजी जाहिरात मराठीत आणताना

समजा, मिक्सर विकणाऱ्या एका कंपनीने दिवाळीसाठी समाजमाध्यमांवर टाकायला छोटा इंग्रजी मजकूर तयार केला आहे: ‘धिस दिवाली, ट्रीट युवरसेल्फ! यू डिझर्व्ह अ किचन दॅट वर्क्स ॲज हार्ड ॲज यू डू. गेट अप टू ४० पर्सेंट ऑफ ऑन अवर मिक्सर्स. हरी, ऑफर एंड्स संडे! टर्म्स अप्लाय.’ इंग्रजीत हे सहज, हसतमुख वाटतं. आता हा मजकूर मराठीत हवा आहे, आणि तोही आजच्या आज. घाईत बहुतेक वेळा जे हाती येतं ते असं: ‘या दिवाळीत, स्वतःला ट्रीट द्या! तुम्ही अशा स्वयंपाकघरासाठी पात्र आहात जे तुमच्याइतकेच कठोर परिश्रम करते. मिळवा आमच्या मिक्सर्सवर ४० टक्क्यांपर्यंत सूट. त्वरा करा, ऑफर रविवारी संपते! अटी लागू.’

यात अर्थ कुठेही चुकलेला नाही. तरीही वाचणारा दुसऱ्या वाक्यावर थांबतो. ‘पात्र आहात’ हे आपण कर्जाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात वाचतो, ‘कठोर परिश्रम’ सत्काराच्या भाषणात ऐकतो. शेजारच्या काकूंशी मिक्सरबद्दल बोलताना यातलं काहीच तोंडात येत नाही. ‘मिळवा आमच्या मिक्सर्सवर’ ही क्रियापद पुढे ओढण्याची लकब मराठी जाहिरातींत इतकी रुळली आहे, की ती मराठीची नाही हेही आता जाणवत नाही. मराठी वाक्य सहसा क्रियापदावर जाऊन टेकतं. शिवाय ‘मिक्सर्स’ कशाला? एक मिक्सर, चार मिक्सर. मराठीत अशा शब्दाचं रूप अनेकवचनातही तेच राहतं.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नाही, वाचण्याचं आहे. हा मजकूर कोण बोलतं आहे, कोणाशी, कोणत्या सुरात, आणि ऐकणाऱ्याने नेमकं काय करावं अशी अपेक्षा आहे, हे आधी ठरवावं लागतं. आपल्या उदाहरणात बोलणारी कंपनी आहे, पण ती मैत्रिणीच्या सुरात बोलते आहे. ऐकणारी व्यक्ती घरचं काम करून दमणारी आहे. सांगायचं आहे ते असं: सणात तुम्ही सगळ्यांचं करता, आता थोडं स्वतःकडे बघा. त्याखाली तीन पक्क्या गोष्टी आहेत: ४० टक्के ‘पर्यंत’ सूट, रविवारची मुदत आणि अटी. सूर मोकळेपणाने बदलता येतो, या तीन गोष्टींना मात्र हात लावायचा नाही.

यानंतर मूळ मजकूर उलटा ठेवून मराठीत लिहायला बसावं. समोर इंग्रजी वाक्य दिसत असलं की त्याचा सांगाडा आपोआप उतरतो, ‘जे’, ‘जो’, ‘ज्यामुळे’ यांची रांग लागते. न बघता लिहिलं की ‘ट्रीट युवरसेल्फ’साठी ‘लाड’ हा शब्द आपणहून येतो. आपल्याकडे लाड मुलांचे होतात, जावयाचे होतात, पाहुण्यांचे होतात. ‘थोडे स्वतःचेही लाड करा’ म्हटलं की त्या एका ‘ही’मध्ये सगळा अर्थ बसतो: बाकीच्यांचे झाले, आता तुमचे. इंग्रजीत उत्साह उद्गारचिन्हावर उभा असतो. मराठीत हे काम ‘च’, ‘ही’, ‘की’, ‘ना’, ‘बरं का’ अशी छोटी अव्ययं करतात. ‘हरी’चंही तसंच. ‘रविवारपर्यंतच’ लिहिलं की त्या ‘च’मध्ये घाई आलीच, वेगळं ‘त्वरा करा’ लागत नाही.

‘डिझर्व्ह’ हा शब्द शब्दाने आणण्याचा हट्ट सोडावा. त्यातला भाव कौतुकाचा आहे, तुमच्या कष्टांची जाण आहे असं सांगणारा. ‘राबणाऱ्या हातांना तितकाच राबणारा जोडीदार हवा’ हे वाक्य तेच म्हणतं. मूळचं स्वयंपाकघर गेलं आणि मिक्सर आला, पण विकायचा मिक्सरच आहे, तेव्हा ही अदलाबदल चालते. ‘हात’ म्हटल्याने आणखी एक गोष्ट साधते. मूळ मजकुरात वाचणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे कुठेच नाही. मराठीत ‘तू दमलास’ की ‘तू दमलीस’ हे ठरवावंच लागतं आणि ‘गृहिणींनो’ लिहिण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण कंपनीने न केलेलं विधान आपण तिच्या तोंडी घालतो. ‘तुम्ही’ वापरलं की ‘दमलात’ दोघांनाही चालतं.

सर्वांत जपायची जागा मात्र वेगळी आहे. सूर मराठी करताना दिवाळीचा फराळ आठवणारच, आणि तो आणावाही. पण मग हात सैल सुटतो आणि ‘फराळ होईल झटपट’ असं लिहिलं जातं. मूळ मजकुरात वेळ वाचेल असं कुठेही म्हटलेलं नाही. आता हा नवा दावा झाला, आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. फराळाचे तपशीलही खरे हवेत. चकलीची भाजणी बहुतेक घरांत गिरणीतून दळून आणतात. मिक्सरवर होते ती पिठीसाखर, वेलचीची पूड, चटणी. ‘भाजणी दळा मिक्सरवर’ वाचलं की स्वयंपाक करणाऱ्याला लगेच कळतं, लिहिणाऱ्याने फराळ केलेला नाही.

अटींची ओळही नीट मराठीतच हवी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत असेल, त्याच भाषेत त्यासोबतचा खुलासा द्यावा लागतो. वर मराठीत सूट आणि खाली बारीक इंग्रजीत अटी, हे चालत नाही. ‘पर्यंत’ हा शब्द तर कधीच गाळू नये. चित्रात जागा कमी पडते म्हणून तो उडवला जातो आणि ‘४० टक्के सूट’ असं उरतं. मग ज्या मिक्सरवर १० टक्केच सूट आहे, तो घेणाऱ्या ग्राहकाची फसवणूक होते.

एवढं सगळं धरून मजकूर असा होतो: ‘दिवाळीत सगळ्यांचे लाड होतात, यंदा थोडे स्वतःचेही करा! राबणाऱ्या हातांना तितकाच राबणारा जोडीदार हवा. आमच्या मिक्सरवर ४० टक्क्यांपर्यंत सूट, रविवारपर्यंतच. अटी लागू.’ लांबी मूळच्या आसपासच आहे, आणि चित्रावर बसवायचं असेल तर ते महत्त्वाचं. देवनागरीत अक्षरांच्या वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येतात. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं तर खालच्या ओळीतली मात्रा वरच्या उकारात घुसते. म्हणून अंतिम चित्र लिहिणाऱ्याने स्वतः एकदा पाहावंच.

तपासणीला शब्दकोश उपयोगी पडत नाही. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा आणि विचारावं: कोण बोलतंय, काय मिळणार, कधीपर्यंत? जिथे तो अडखळेल किंवा ‘म्हणजे?’ म्हणेल, ती ओळ पुन्हा लिहायची.

कंपनीतल्या मराठी न येणाऱ्या माणसाची मंजुरी घेताना मात्र वेगळी अडचण येते. तो विचारतो, ‘डिझर्व्ह कुठे गेलं?’ अशा वेळी मराठी मजकुराचा सरळ इंग्रजी अर्थ आणि प्रत्येक बदलाचं एका ओळीत कारण सोबत पाठवावं. सूर का बदलला ते त्याला कळतं, आणि सूट, मुदत, अटी जशाच्या तशा आहेत याची खात्रीही पटते. मूळ मजकूर इंग्रजी शब्दांच्या कोटीवर किंवा यमकावर उभा असेल तर तेवढ्यानेही भागत नाही. तिथे अनुवाद करत बसण्यापेक्षा कंपनीकडून फक्त माहिती आणि हेतू मागून घ्यावा आणि मराठीत नवीनच मजकूर लिहावा. त्याला जास्त वेळ आणि जास्त मोबदला लागेल, हे काम हातात घेतानाच स्पष्ट सांगावं.