गोळी थांबवताना

जुलै 2002मध्ये अमेरिकेतल्या हजारो स्त्रियांना एक सूचना मिळाली: गोळ्या थांबवा. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीत त्या इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेली गोळी किंवा तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी घेत होत्या. औषध घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचा धोका ठरलेल्या मर्यादेपुढे गेला आणि चाचणीचा हा भाग मुदतीआधीच बंद झाला. मात्रा हळूहळू उतरवायला वेळ नव्हता. सगळ्यांनी एकदम गोळ्या सोडल्या.

पुढे काय झाले, याची संशोधकांनी आठ ते बारा महिन्यांनी पत्राने विचारपूस केली. गोळ्या सुरू असेपर्यंत चाचणीत राहिलेल्या 8,405 स्त्रियांनी उत्तरे दिली. त्यांचे सरासरी वय 69 होते, म्हणजे पाळी जाऊन बहुतेकींना बरीच वर्षे लोटली होती. तरीही औषध घेतलेल्यांपैकी 21 टक्क्यांना बऱ्यापैकी किंवा तीव्र गरम वाफा, घाम जाणवला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत होते. सांधे-स्नायू दुखणे आणि आखडणेही औषध सोडलेल्यांत जास्त होते. ज्यांना चाचणीच्या सुरुवातीलाच वाफांचा जोरदार त्रास होता, त्यांच्यापैकी तर निम्म्याहून अधिक जणींना तो पुन्हा झाला.

यामागचे कारण साधे आहे. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. इस्ट्रोजेन घटले की ते अतिसंवेदनशील होते आणि जराशा उष्णतेनेही घाम फोडते. गोळीतले हार्मोन ही संवेदनशीलता दाबून ठेवते, मुळातून काढत नाही. त्यामुळे गोळी थांबल्यावर दिसणारा त्रास बहुधा जुनाच असतो. तो किती काळ टिकेल हे प्रत्येकीचे शरीर ठरवते.

मग एकदम थांबवावे की हळूहळू? स्वीडनमधल्या एका चाचणीत काही स्त्रियांनी एकदम गोळ्या सोडल्या, तर काहींनी चार आठवडे दिवसाआड घेऊन. वाफांच्या संख्येत दोन्ही गटांत फरक पडला नाही आणि वर्षभरात जवळपास निम्म्या जणींनी पुन्हा उपचार सुरू केले. इस्रायलमधल्या चाचणीत एकदम थांबवणाऱ्यांना पहिल्या तीन महिन्यांत जास्त त्रास झाला, हळूहळू थांबवणाऱ्यांना तोच नंतर झाला आणि वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच ठरले. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेचे मार्गदर्शनही हेच सांगते: मात्रा उतरवल्याने सुरुवातीचा त्रास कमी होऊ शकतो, दीर्घकाळात फरक पडत नाही. त्यामुळे निवड स्त्रीच्या सोयीची. नोकरीत धावपळीचे दिवस असतील, झोप आधीच मोडत असेल, तर हळूहळू उतरणेच बरे.

समजा, 57 वर्षांची एक शिक्षिका पाच वर्षांपासून रोज 2 मिलिग्रॅम इस्ट्राडायोल आणि रात्री 100 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन घेते आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती इस्ट्राडायोल 1 मिलिग्रॅमवर आणते आणि दोन-तीन महिने थांबते. रोजच्या वाफा आणि रात्रीची जाग वहीत टिपते. सहन होण्याजोगे असेल तर पुढची पायरी, दिवसाआड गोळी. त्रास वाढला तर आधीच्या मात्रेवर परत. तिची गर्भाशयाची पिशवी शाबूत असल्यामुळे एक चूक टाळायलाच हवी: प्रोजेस्टेरॉन आधी सोडून नुसते इस्ट्रोजेन चालू ठेवणे. प्रोजेस्टेरॉन पिशवीच्या अस्तराची अतिवाढ रोखते. ते नसेल तर त्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मात्र स्तनाचा कर्करोग निघाला, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली, पक्षाघात वा हृदयविकाराचा झटका आला, तर पायऱ्यांचा प्रश्नच उरत नाही. ही गोळी बहुधा तत्काळ थांबवली जाते.

वाफा बहुतेकींच्या कालांतराने ओसरतात. योनीचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणे, लघवीची जळजळ यांचे तसे नसते. उपचाराविना ते वाढतच जातात. आपल्याकडे बायका हे बोलत नाहीत आणि मुकाट सोसतात, ही खरी वाईट गोष्ट आहे. त्यावर योनीत लावायची कमी मात्रेची इस्ट्रोजेन क्रीम मिळते. तिचे रक्तात जाणारे प्रमाण अगदी थोडे असते, म्हणून पोटातली गोळी बंद केल्यावरही ती अनेकींना चालते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच वापरावी.

हाडांचे नुकसान तर जाणवतही नाही. उपचार थांबताच हाडांची झीज पुन्हा सुरू होते. म्हणून हाडे आधीच ठिसूळ असतील तर गोळी सोडण्यापूर्वी डेक्सा तपासणी करून दुसरे औषध ठरवून घ्यावे. ज्यांची बीजकोषे चाळिशीच्या आत काढली गेली किंवा पाळी तेव्हाच गेली, त्यांनी साधारण पन्नाशीपूर्वी गोळी आपण होऊन सोडूच नये.

मात्रा उतरवताना किंवा गोळी थांबल्यावर रक्तस्राव झाला, तर नुसता डागही 'जुनी पाळी परत आली' म्हणून सोडू नका. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सोनोग्राफी करायची का, ते विचारा.