मूळ होल बदललं की बाकीची सात बदलतातच असं नाही

शंभर मिलिमीटर पाइपाचा, पीएन १६ दाबाचा फ्लँज घेऊ. बाहेरचा व्यास २२०, पीसीडी १८०, त्यावर एम१६ बोल्टसाठी १८ मिलिमीटरची ८ होल. सॉलिडवर्क्समध्ये आपण एकच होल काढतो आणि त्याचा सर्क्युलर पॅटर्न करतो. उरलेल्या सात होलना स्वतःचा स्केच नसतो, स्वतःचं डायमेन्शनही नसतं. मूळ होल १८ चं २२ केलं की आठही २२ ची होतात, आणि मूळ होल डिलीट केलं तर पॅटर्नही जातो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. गैरसमज इथून पुढे सुरू होतात.

गैरसमज: मूळ होलवर जे कराल ते सगळ्यांवर येतं.

पॅटर्न होलच्या जागेची नव्हे, फीचरची पुनरावृत्ती करतो. पॅटर्न झाल्यावर तुम्ही मूळ होलच्या तोंडाला १ मिलिमीटरचा चॅम्फर दिलात, तर तो वेगळा फीचर आहे. पॅटर्नच्या यादीत त्याचं नाव नाही, म्हणून तो एकाच होलवर बसतो. ट्रीमध्ये कुठेही लाल खूण येत नाही. एकदा माझं असंच एक ड्रॉइंग शॉपवर गेलं. सेक्शन मूळ होलमधूनच घेतला होता, त्यामुळे कागदावर चॅम्फर व्यवस्थित दिसत होता. बाकीच्या सात होलना तो नाही, हे मशीनवर जॉब लागल्यावर कळलं. यावर उपाय सरळ आहे. ट्रीमधला चॅम्फर ओढून पॅटर्नच्या वर घ्यायचा, मग पॅटर्न एडिट करून होलच्या जोडीला चॅम्फरही निवडायचा. पहिलं काम करून दुसरं विसरणारे खूप जण मी पाहिले आहेत. नुसता क्रम बदलून काहीही होत नाही.

गैरसमज: गोल पुसून त्याजागी स्लॉट काढला, म्हणजे फक्त आकार बदलला.

व्यास बदलणं आणि गोल पुसून नवीन आकार काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यास बदलल्यावर होलची कड तीच राहते, नुसती मोठी होते. गोल पुसला की ती कडच नाहीशी होते. समजा पाचव्या होलच्या कडेवरून तुम्ही एका खाचेची जागा ठरवली आहे, किंवा असेंब्लीत बोल्टचा मेट तिथे दिला आहे. स्लॉट आल्याबरोबर हे संदर्भ लोंबकळतात आणि ट्रीच्या खालच्या भागात एकामागून एक खुणा उमटतात. पॅटर्न मात्र जागेवर असतो, तुटतात त्याला धरून बसलेले. म्हणून मी खाचेची जागा होलच्या कडेवरून न घेता फ्लँजच्या मध्य-अक्षावरून आणि कोनावरून घेते. होलचं पुढे काहीही झालं तरी अक्ष हलत नाही.

गैरसमज: लिनियर पॅटर्नमध्ये सगळे नग मूळ नगासारखेच येतात.

ते एका पर्यायावर ठरतं. एका झाकणाचं छत तिरकं आहे, दर १० मिलिमीटरला १ मिलिमीटर चढणारं. खालच्या सपाट तळावरून पहिला बॉस छताला टेकेपर्यंत उभा केला. मध्यावर त्याची उंची २० भरली. आता ४० मिलिमीटर अंतराने ५ नग. `Geometry pattern` बंद असेल तर प्रत्येक बॉस स्वतः छत शोधतो आणि उंची २०, २४, २८, ३२, ३६ येते. तोच पर्याय चालू असेल तर पहिल्याचे पृष्ठभाग जसेच्या तसे उचलले जातात. मग पाचवा बॉसही २० चाच राहतो आणि छतापासून १६ मिलिमीटर खाली थांबतो. मॉडेल लवकर रिबिल्ड व्हावं म्हणून हा पर्याय चालू करतात, आणि साध्या आरपार होलांसाठी तो योग्यही आहे. पण मूळ फीचर एखाद्या पृष्ठभागापर्यंत जाणारा असेल तर तो बंद ठेवा. नंतर कुणी मूळ बॉसची साधी उंची बदलून ‘पृष्ठभागापर्यंत’ केली, तर ही चूक त्या क्षणी शिरते आणि मॉडेल तक्रार करत नाही. पाचव्या बॉसमधून सेक्शन घेतला की ती लगेच दिसते. तपासताना मूळ नग नको, शेवटचा नग कापून बघा.

मिररचं थोडक्यात सांगते. मिरर म्हणजे फिरवलेली नक्कल नव्हे, त्यात उजवं डावं होतं. हेलिक्सवर खराखुरा कापलेला थ्रेड मिरर केला तर तो डाव्या हाताचा होतो आणि नेहमीचा बोल्ट त्यात बसत नाही. नुसता दाखवण्यापुरता थ्रेड असेल तर हा प्रश्न येत नाही. दुसरी अडचण मिररच्या प्लेनची. पट्टी १२० ची असताना डाव्या कडेपासून ६० वर प्लेन घेतला आणि नंतर पट्टी १४० ची केली, तर प्लेन ६० वरच राहतो. डाव्या कडेपासून १५ वरचं होल मिरर होऊन १०५ वर येतं. उजवीकडे १५ ऐवजी ३५ मिलिमीटर उरतात. प्लेन दोन्ही टोकांच्या पृष्ठभागांच्या मधोमध घ्या, म्हणजे लांबी बदलली की तो आपोआप ७० वर सरकेल आणि होल १२५ वर येईल.