निवृत्तीची पुंजी (लेखांक ७) : हप्ता कुठून भरणार?

मागच्या आठवड्यात ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधीच्या रकमेवर कर कुठे लागतो, ते पाहिलं. आता ती रक्कम खात्यात आली आहे आणि घराच्या कर्जाचे हप्ते मात्र अजून नऊ वर्षं बाकी आहेत. या टप्प्यावर कुणीतरी हमखास एक हिशेब मांडून दाखवतो. तो बिनतोड वाटतो, पण चुकीचा आहे. त्यापायी माणसं चुकीचा निर्णय घेतात, म्हणून आजचा बराचसा लेख त्यालाच देतो.

समजा, कर्ज १८ लाख बाकी आहे, व्याज साडेआठ टक्के, हप्ता २३,९०० रुपये. नऊ वर्षांत बँकेला सुमारे ७ लाख ८० हजार रुपये व्याज जाईल. हेच १८ लाख सात टक्क्यांच्या मुदत ठेवीत ठेवले, तर नऊ वर्षांनी ३३ लाख ६० हजार होतात, म्हणजे व्याज साडेपंधरा लाखांच्या वर. कर्जाचं व्याज घटत्या बाकीवर आणि ठेवीचं चक्रवाढीनं, त्यामुळे ठेवीचा दर कमी असला तरी फायदा ठेवीतच, असं सांगितलं जातं.

पण हप्ता कुठून भरायचा, हे या हिशेबात कुणी विचारलेलंच नाही. पगार तर थांबला. हप्ता ठेवीतूनच काढत गेलात, तर ती सव्वाआठ वर्षांतच संपते आणि आठ-नऊ हप्ते, म्हणजे साधारण दोन लाख रुपये, अंगावर राहतात. बरं, पेन्शन चांगली आहे आणि हप्ता तिच्यातून जातो म्हणा. मग ठेव शाबूत राहील, हे खरं. पण कर्ज फेडून टाकलं असतं, तर तेच २३,९०० रुपये दरमहा आवर्ती ठेवीत टाकता आले असते आणि त्याच सात टक्क्यांनी नऊ वर्षांत त्यांचे पावणेछत्तीस लाखांच्या आसपास झाले असते. म्हणजे इथेही दोन लाखांचाच तोटा. ठेवीच्या व्याजावरचा कर तर यात धरलेलाच नाही.

तेव्हा व्याजाच्या रकमा शेजारी मांडू नका, दर मांडा आणि तेही कर वजा करून. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. २० टक्क्यांच्या टप्प्यात कर भरणाऱ्याच्या हाती त्यातले जेमतेम साडेसहा टक्के उरतात. ज्यांना करच लागत नाही, त्यांच्या हाती मात्र पूर्ण ८.२ येतात आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. अशा माणसाचं कर्ज साडेसात टक्क्यांवर असेल, तर त्यानं ३० लाखांच्या मर्यादेपर्यंत पैसे या योजनेत ठेवणं रास्तच आहे. पण कर्जाचा दर बहुधा तरता असतो, हे विसरू नये. मे २०२२ मध्ये चार टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला आणि रेपोशी बांधलेली कर्जं त्याच्याबरोबर वर चढली. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. आपण कोणत्या पद्धतीत आहोत, ते आधी पाहा.

दर कर्जफेडीच्या बाजूनं असला, तरी एका ठिकाणी मी थांबायला सांगेन. पुंजी २२ लाख आणि कर्ज १८ लाख असेल, तर सगळं फेडल्यावर हाती चार लाख राहतात. हृदयाचं एखादं ऑपरेशन निघालं, तर भिंतींत गेलेला पैसा परत काढता येत नाही आणि साठीनंतर नवं कर्ज मिळणं अवघड असतं. अशा वेळी दहा लाख भरावेत आणि हप्ता कमी करून घ्यावा. उरलेल्या आठ लाखांचा हप्ता त्याच नऊ वर्षांसाठी १०,६०० रुपयांच्या आसपास येतो. मात्र हे लेखी मागा. तसं सांगितलं नाही, तर बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. नोकरदाराला ते फायद्याचं असतं, पण निवृत्ताला आज दरमहा हातात उरणारे तेरा हजार जास्त गरजेचे असतात.

घरासाठी स्वतःच्या नावावर घेतलेलं तरत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडताना बँकेला दंड लावता येत नाही. सगळं फेडलंत, तर 'येणे बाकी नाही'चा दाखला आणि घराचे मूळ कागद मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते ३० दिवसांत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला, तर रोज ५,००० रुपये भरपाई तिला द्यावी लागते. कागद मिळाले की दाखल्याची प्रत घेऊन सोसायटीच्या कार्यालयात जा आणि तिथे नोंदलेला बँकेचा बोजा उतरवून घ्या. हे काम राहून गेलं, तर ते वारसांना घर विकताना कळतं.

पुढच्या आठवड्यात : पती-पत्नी दोघांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची खाती.