एका कानाचा आवाज बसतो तेव्हा

सापगावात घर, शहापूरच्या पेठेत दुकान आणि मालखरेदीसाठी आसनगावहून लोकलने मुंबईची फेरी, असा ज्यांचा दिनक्रम, त्यांच्या कानात हल्ली इअरबड असतोच. गिऱ्हाइकाशी बोलता यावे म्हणून पुष्कळदा एकच, बहुधा उजवा, कानात असतो आणि डावा डबीत पडून राहतो. काही महिन्यांनी उजव्याचा आवाज मंदावतो. मग आवाजाची पट्टी टोकापर्यंत सरकवली जाते आणि अखेर नवी जोडी घेण्याचा विचार सुरू होतो. वास्तविक दोष बहुधा यंत्रात नसून तोंडाशी असलेल्या बारीक जाळीत असतो. कानातील मळ शरीराच्या उष्णतेने मऊ राहतो, जाळीला चिकटतो आणि इअरबड बाहेर काढल्यावर घट्ट होतो. आवाज त्या जाळीतूनच बाहेर येत असल्याने तिची छिद्रे बुजली की तो कोंडतो.

खर्चापूर्वी एक पडताळणी करावी. मोबाइलच्या सेटिंगमध्ये डाव्या-उजव्या आवाजाचा तोल मध्यावर आहे ना, ते पाहावे. नंतर मंद वाजणारा इअरबड दुसऱ्या कानाशी धरावा. तिथेही मंदच ऐकू आला, तर दोष इअरबडचा. मात्र दोन्ही इअरबड एकाच कानात मंद वाटत असतील, तर मळ त्या कानातच साठला असण्याचा संभव आहे. तो काडीने कोरू नये, आत ढकलला जातो. कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

दोष इअरबडचा ठरला, तर त्यावरील रबरी टोपी काढून तशीच वाजवून पाहावी. आवाज खुलला, तर टोपीच तुंबली आहे. सिलिकॉनची टोपी कोमट पाण्यात सौम्य साबणाच्या एका थेंबाने धुवावी, स्वच्छ पाण्यात खळबळावी आणि पूर्ण वाळवावी. पावसाळी दिवसांत रात्रभर ठेवलेली बरी, कारण ओली टोपी बसवल्यास तो ओलावा जाळीत उतरतो. स्पंजासारखी टोपी मात्र भिजवू नये. नुसती पुसावी, आणि खराब झाल्यास बदलावी.

टोपीविनाही आवाज मंद असेल, तर काम जाळीचे. इअरबडचे तोंड खाली ठेवून मऊ, कोरड्या दात घासण्याच्या ब्रशने हलकेच झाडावे, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. घाई झाली की टाचणी हाती येते, आणि सर्वांत मोठे नुकसान तीच करते: जाळी फाटते किंवा मळ आतल्या पडद्यावर जातो. फुंकर मारल्याने तोंडातली वाफ आत शिरते. स्पिरिट ओतल्यास विरघळलेला मळ आत झिरपतो. ‘पाणीरोधक’ अशी जाहिरात असली, तरी इअरबड नळाखाली धरू नये.

झाडल्यावर दोन्ही बाजू एकाच गाण्यावर ऐकून पाहाव्यात. फरक उरला, तर दिवसाआड दोन-तीन वेळा पुन्हा झाडावे. जुना मळ एका खेपेस सुटत नाही. तरीही आवाज तसाच राहिला, किंवा खरखर ऐकू आली, तर बिघाड आतला समजून दुरुस्तीस न्यावा.